‘इव्हेंच्युअली’ आणि आमचें ‘कदाचित्’

इव्हेंच्युअली हा इंग्रजी शब्द हल्लीं पुष्कळ मुलामुलींच्या लेखनांत आढळतो. पण ज्या अर्थानें तो घातलेला असतो, तो बहुधा त्याचा अर्थ नसतो. ‘ही विल इव्हेंच्युअली कम’ असें लिहून मुलगा खालीं मराठींत ‘तो कदाचित् येईल’ असें भाषांतर देतो. इंग्रज वाचकास त्या वाक्यांत ‘कदाचित्’ मुळींच दिसत नाहीं. त्यास दिसतें तें असें : तो येणार हें ठरलेलें आहे, उशीर होईल, मध्यें अडचणी येतील, नेमका दिवस सांगवत नाहीं, पण अखेर तो येईल. मुलाच्या मनांत शंका आहे, वाक्यांत शंका नाहीं, केवळ विलंब आहे. शंका आणि विलंब यांची अशी अदलाबदल झाली म्हणजे घरच्या व्यवहारांत काय होतें, याचीं दोन उदाहरणें अलीकडेच आमच्या पाहण्यांत आलीं. त्यांजकडे वळण्यापूर्वीं शब्दाची जन्मकथा थोडी सांगितली पाहिजे, कारण चुकीचें बीज तेथेंच आहे.

लॅटिन भाषेंत ‘वेनिरे’ म्हणजे येणें. भाषाशास्त्रज्ञ असें मानतात कीं हा लॅटिन धातु, इंग्रजांचा ‘कम’ आणि आपला ‘गम्’ हीं एकाच पूर्वजाचीं लेकरें होत. या वेनिरेमागें ‘बाहेर’ या अर्थाचा उपसर्ग लागला आणि त्यांतून इव्हेंट हा शब्द निघाला. म्हणजे ‘जें बाहेर आलें तें’. आमच्याकडे ‘निर्’ हा उपसर्ग ‘पद्’ धातूस लागून ‘निष्पत्ति’ होते, तिची घडण नेमकी अशीच आहे. आतां निष्पत्तीकडे दोन बाजूंनीं पाहतां येतें. कापणी झाल्यावर खळ्यांत उभा राहून शेतकरी म्हणतो, ‘अखेर इतकें पीक निघालें.’ तोच शेतकरी पेरणीच्या दिवशीं म्हणतो, ‘जें काय निघेल तें निघेल.’ पहिल्या बोलण्यांत शेवट हातीं आलेला आहे. दुसऱ्यांत तो केवळ संभवनीय आहे. शब्द एकच, परंतु पाहणारा कोठें उभा आहे यावरून त्याला दोन फांद्या फुटतात.

इव्हेंच्युअली या क्रियाविशेषणापुरती इंग्रजांनीं पहिली फांदी धरली. डॉक्टर जॉन्सन यांचा प्रसिद्ध कोश १७५५ सालीं छापला गेला, त्यांतही या शब्दाचा अर्थ ‘अंतीं, परिणामीं’ अशाच धर्तीवर दिलेला आहे. फ्रेंचांनीं व त्यांच्यामागून जर्मनांनीं मात्र दुसरी फांदी धरली. फ्रेंच ‘एव्हांतुएलमां’ आणि जर्मन ‘एव्हेन्टुएल’ यांचा अर्थ ‘जमल्यास, कदाचित्’ असा आहे. दिसण्यांत सख्खी भावंडें, आणि बोलण्यांत उलट !

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलास तिच्याशीं कर्तव्य नव्हतें. पण खुद्द इंग्रजींतही दुसऱ्या फांदीचीं पानें शिल्लक आहेत. ‘इव्हेंच्युअलिटी’ म्हणजे संभाव्य प्रसंग. ‘इन द इव्हेंट ऑफ रेन’ म्हणजे पाऊस आल्यास. विम्याच्या कागदांत व भाडेपट्ट्यांत ही शब्दयोजना पदोपदीं येते. जो मुलगा हीं दोन स्थळें प्रथम शिकला, तो इव्हेंच्युअली पाहतांच सहज म्हणतो कीं हाही त्याच घरचा, तेव्हां याचाही अर्थ ‘झाल्यास’. त्याचें अनुमान तर्काला धरून आहे. केवळ भाषा त्याच्या तर्काप्रमाणें चालली नाहीं. गंमत अशी कीं ‘ऑफ’ गाळून नुसतें ‘इन द इव्हेंट’ म्हटलें तर अर्थ पुन्हा पहिल्या फांदीवर जातो : ‘प्रत्यक्षांत काय झालें तर’. एका उपपदानें संभव आणि सिद्धि यांत इतकें अंतर पडतें.

तथापि मराठी मुलाच्या चुकीचें खरें कारण आम्हांस याहून जवळचें वाटतें, आणि तें आपल्याच भाषेंत आहे. शिकवितांना या शब्दाचा अर्थ ‘शेवटीं’ किंवा ‘कालांतरानें’ असा सांगतात. मुलास ‘कालांतरानें’ हा शब्द जड वाटतो, म्हणून तो सोपा करून घेतो : ‘कधींतरी’, ‘केव्हांतरी’. येथपर्यंतही फारसें बिघडलेलें नसतें. परंतु मराठी घरांत ‘कधींतरी’ या शब्दाची काय प्रतिष्ठा आहे तें पाहावें. ‘या एकदा जेवायला’ म्हटल्यावर पाहुण्यानें ‘येईन कधींतरी’ असें उत्तर दिलें, तर घरची गृहिणी त्या दिवशीं पुरण घालीत नाहीं. ‘देईन केव्हांतरी’ म्हणणाऱ्याचे पैसे बुडाले असें समजूनच चालावें लागतें. आमच्याकडे काळ अनिश्चित झाला कीं गोष्टच अनिश्चित झाली असें धरण्याची रीत आहे. नाहीं म्हणण्याची ती एक सभ्य तऱ्हा आहे. मग ‘शेवटीं’चें ‘कधींतरी’ झालें, ‘कधींतरी’चें ‘कदाचित्’ झालें, आणि दोन पायऱ्या उतरून मुलगा भलत्याच अंगणांत येऊन उभा राहिला.

या घसरणीला आमच्या भाषेंत एक जुना आणि फार सुंदर दाखला आहे. खुद्द ‘कदाचित्’ हा शब्दच तसा घसरलेला आहे. संस्कृतांत ‘कदा’ म्हणजे केव्हां. त्यास ‘चित्’ लागून ‘कदाचित्’ म्हणजे ‘कोणे एके वेळीं’. पंचतंत्रांतील कथांत ‘अथ कदाचित्’ असें येतें, तेथें संशयाचा गंधही नाहीं. ‘मग एके दिवशीं’ एवढाच त्याचा अर्थ. नकारासह तो आला कीं ‘कधींही नाहीं’ असा ठाम अर्थ होतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत आत्म्याच्या जन्ममरणाविषयीं तो अशाच रीतीनें आला आहे. तेथें ‘आत्मा बहुधा मरत नसावा’ असा अर्थ कोणी केला तर सगळा वेदान्त कोसळेल ! पण मराठींत येतां येतां या काळवाचक अव्ययाचा काळ गळाला आणि संशय तेवढा उरला. आमच्या वर्गांत संस्कृताचा श्रीगणेशा करणारीं मुलें वर्षानुवर्षें ‘अथ कदाचित् सिंह आला’ या धर्तीच्या वाक्याचें भाषांतर ‘मग बहुधा सिंह आला’ असें करीत असत. सिंह आला आहे, त्यानें ससा खाल्ला आहे, आणि आमचा विद्यार्थी अजून ‘बहुधा’ म्हणत बसला आहे !

जर्मन भाषेंत इव्हेंटच्या कुळाचें जें झालें, तेंच मराठींत ‘कदाचित्’चें झालें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. म्हणून ज्या मुलास संस्कृत ‘कदाचित्’ आणि मराठी ‘कदाचित्’ यांतील भेद एकदा समजला, त्यास इव्हेंच्युअली समजावून देणें सोपें जातें.

आतां परीक्षा कशी करावी ? आम्ही मुलांस सांगतों कीं वाक्य भूतकाळांत नेऊन पाहा. येथें कुही तालुक्यांत उदाहरणासाठीं दूर जावें लागत नाहीं. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ सालीं त्या वेळचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें बसली. वर्षांमागून वर्षें गेलीं, अंदाजपत्रकें फुगत गेलीं, २००९ सालीं त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. पुढें पाणी सांठलें आणि आमच्या तालुक्यांतील कित्येक गांवें आपल्या जुन्या जागेवरून उठलीं. याविषयीं इंग्रजींत ‘द डॅम वॉज इव्हेंच्युअली बिल्ट’ असें लिहिलें तर तें बरोबर आहे. धरण झालें, तें कोणीही जाऊन पाहावें. येथें ‘धरण कदाचित् बांधलें गेलें’ असें भाषांतर करूं म्हटलें तर तें करणाऱ्यालाच हसूं येतें. ‘अखेर’, ‘सरतेशेवटीं’, ‘हो ना करतां करतां’ हे शब्द मात्र तेथें ठीक बसतात. जो शब्द भूतकाळांत शंका दाखवीत नाहीं, तो भविष्यकाळांत गेल्यानें शंकेखोर होत नाहीं. ‘द डॅम विल इव्हेंच्युअली बी बिल्ट’ असें १९८८ सालीं कोणी लिहिलें असतें, तर त्याचें म्हणणें ‘होईल कीं नाहीं कोण जाणे’ असें नसून ‘वेळ लागेल, पण होणार’ असें ठरलें असतें.

येथें एक अडथळा येतो. ‘मे इव्हेंच्युअली’, ‘कुड इव्हेंच्युअली’ अशा जोड्या इंग्रजी वर्तमानपत्रांत नित्य दिसतात, आणि त्या वाक्यांत शंका खरोखरच असते. मुलगा ती शंका इव्हेंच्युअलीच्या पदरीं बांधतो. वस्तुतः ती ‘मे’ची किंवा ‘कुड’ची आहे. सासूचा दोष सुनेच्या माथीं, तसाच हा प्रकार. ‘मे’ काढून ‘विल’ ठेवावें. शंका त्याच क्षणीं जाते आणि इव्हेंच्युअली जागच्या जागीं राहतो. ज्यास ‘कदाचित्’ असेंच म्हणावयाचें आहे, त्यास ‘परहॅप्स’, ‘पॉसिब्ली’ किंवा साधा ‘मे’ असे शब्द मोकळे आहेत.

आतां त्या दोन पत्रांकडे येऊं. दोन्ही एकाच घरचीं. आमच्या ओळखीचें हें कुटुंब मोठें आहे; आजोबांपासून नातवंडांपर्यंत एका चुलीवर जेवणारें. महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं जर्मनींतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशीं कुशल मनुष्यबळ पाठविण्याविषयीं करार केला, तेव्हांपासून जर्मन वर्गांची चौकशी आमच्यासारख्या लहान गांवांतूनही होऊं लागली आहे. या घरचा थोरला नातू नागपुरास राहून ती भाषा शिकत होता. त्यास त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट येथें काम मिळालें, आणि राहण्यासाठीं त्यानें एका बाईंच्या घरीं खोली मागितली. बाईंनीं सौजन्यानें इंग्रजींत उत्तर धाडलें : ‘यू कॅन इव्हेंच्युअली हॅव द रूम फ्रॉम फर्स्ट ऑक्टोबर.’ त्याच पत्रांत खालीं होतें कीं ‘इव्हेंच्युअल रिपेअर कॉस्ट्स’ भाडेकऱ्यानें द्यावयाचे.

मुलाचें इंग्रजी चांगलें. म्हणूनच तो फसत होता. त्यानें शब्दाचा खरा इंग्रजी अर्थ घेतला आणि खोली अखेर मिळाली असें घरीं कळविलें. आजीनें देवापुढें साखर ठेवली. दुसरी खोली पाहण्याचें त्यानें थांबविलें. दुरुस्तीचें वाक्य वाचून मात्र काका काळजींत पडले. दुरुस्ती होणारच असून तिचा खर्च आपल्या मुलावर पडणार, असें त्यांस वाटलें. आजोबा तें पत्र घेऊन आमच्याकडे आले आणि म्हणाले, “गुरुजी, खोली द्यायच्या आधींच दुरुस्तीचे पैसे मागणारी ही बाई कोण हो ?”

आम्हांस प्रथम खटकली ती तारीख. इव्हेंच्युअली या शब्दाचा स्वभावच असा कीं तो विलंब दाखवितो आणि दिवस सांगण्याचें टाळतो. त्याच्या शेजारीं अगदीं जवळची, ठरलेली तारीख आली कीं वाचणाऱ्यानें थबकावें. ‘सरतेशेवटीं केव्हांतरी, म्हणजे येत्या एक तारखेस’ असें कोणी शहाणा बोलत नाहीं. उलट तेथें ‘कदाचित्’ घालून पाहावें : ‘कदाचित् तुम्हांस एक ऑक्टोबरपासून खोली मिळूं शकेल.’ वाक्य लगेच सरळ होतें. दुरुस्तीचेंही तसेंच. ‘दुरुस्ती निघाल्यास तिचा खर्च’ असें घेतलें कीं बाई लोभी राहत नाहींत. कोणताही घरमालक घालतो तीच ही अट. लिहिणारी व्यक्ति जर्मन आहे हें ध्यानांत घेतलें म्हणजे उलगडा पुरा होतो. बाईंनीं मनांत ‘एव्हेन्टुएल’ म्हटलें आणि कागदावर त्याचें जुळें भावंड उतरविलें.

यांत त्या बाईंस हसण्याजोगें कांहीं नाहीं. युरोपांतील मोठमोठ्या कचेऱ्यांतही हा शब्द असाच चुकतो. लक्झेंबर्ग येथील युरोपीय लेखापरीक्षा न्यायालयांतील अनुवादक जेरेमी गार्डनर यांनीं युरोपीय संघाच्या कागदपत्रांत भलत्या अर्थानें येणाऱ्या इंग्रजी शब्दांची एक पुस्तिका केली आहे. तिची सुधारलेली आवृत्ति २०१६ सालची. तींत इव्हेंच्युअल व इव्हेंच्युअली यांस स्वतंत्र जागा द्यावी लागली आहे. जेथें ‘असल्यास’, ‘झाल्यास’ म्हणावयाचें तेथें ते लोक हा शब्द घालतात. म्हणून फ्रेंच, जर्मन, डच किंवा स्पॅनिश मनुष्याचें इंग्रजी पत्र हातीं आलें आणि त्यांत हा शब्द दिसला, तर तो इंग्रजी अर्थानें घ्यावयाचा कीं लिहिणाऱ्याच्या मातृभाषेंतील अर्थानें, हें आधीं ठरवावें. तें ठरत नसेल तर विचारावें. आणि विचारतांना तो शब्द पुन्हा वापरूं नये, नाहीं तर उत्तरही तितकेंच संदिग्ध येतें. आम्हीं नातवाकडून इतकेंच लिहविलें कीं, ‘खोली माझ्यासाठीं राखून ठेविली आहे काय, कीं अद्याप नक्की नाहीं ?’ दुसऱ्या दिवशीं बाईंचें उत्तर आलें. जुना भाडेकरी सप्टेंबरअखेर जाईल असें वाटतें, पण त्यानें अजून तसें कळविलेलें नाहीं. तेव्हां दुसरी जागा मिळत असल्यास अवश्य घ्यावी, असें तींत होतें. मुलानें पुन्हा शोध चालविला आणि निघण्यापूर्वीं आठ दिवस त्यास दुसरीकडे खोली मिळाली.

दुसरें पत्र याच्या धाकट्या बहिणीचें. तिनें एका शिक्षणसंस्थेंतील प्रवेश सोडून दुसरीकडे प्रवेश घेतला होता, आणि पहिल्या ठिकाणीं भरलेली पांच हजारांची अनामत परत मागितली होती. तेथून आलेल्या उत्तरांत ‘द डिपॉझिट विल इव्हेंच्युअली बी रिफंडेड’ असें होतें. मुलीनें तें ‘अनामत कदाचित् परत मिळेल’ असें वाचलें. तिच्या आईनेंही ‘कदाचित् म्हणजे नाहींच कीं’ असें म्हणून पावती कोठेंतरी ठेवून दिली. भावाच्या पत्राचा उलगडा झाल्यावर मुलीस आपल्या पत्राची आठवण झाली, ती म्हणाली, “आजोबा, मग माझ्याही बाई जर्मनच का?”

नव्हत्या. पत्र येथल्याच कारकुनानें येथल्याच इंग्रजींत लिहिलें होतें, त्यांत ‘विल’ होतें, ‘मे’ नव्हतें, आणि तारीख नव्हती. म्हणजे शब्द आपल्या घरीं होता. त्या वाक्यानें पैसे देण्याचें कबूल केलें होतें. केव्हां, एवढेंच सांगितलें नव्हतें. भावानें ‘नक्की’ वाचलें तेथें ‘कदाचित्’ होतें, आणि बहिणीनें ‘कदाचित्’ वाचलें तेथें ‘नक्की’ होतें. एकाच घरांत, एकाच महिन्यांत !

मात्र आजोबांस आम्हीं हेंही सांगितलें कीं या शब्दावर फार भार टाकूं नये. तो गोष्ट होणार असें म्हणतो, पण मुदत देत नाहीं. आणि ज्या कबुलीस मुदत नाहीं ती लांबविणाऱ्याच्या सोयीची असते. कांहीं लोक तो जाणूनबुजून याच सोयीसाठीं वापरतात. पुनर्वसनाच्या कागदांतून आमच्या तालुक्यानें ‘यथावकाश’ हा शब्द पुरेपूर अनुभवला आहे. त्याचा हा इंग्रजी व्याही. अशा पत्रास उत्तर देतांना शब्दाचा वाद घालूं नये, कबुली धरून ठेवावी आणि तारीख मागावी. मुलीनें पावती शोधून काढली. ती पुराणाच्या पोथींत निघाली. तिची नक्कल जोडून तिनें लिहिलें कीं आपल्या अमुक तारखेच्या पत्रांत अनामत परत करण्याचें आपण मान्य केलें आहे, तरी ती कोणत्या तारखेपर्यंत मिळेल तें कळवावें. तीन आठवड्यांनीं दोन ओळींचें उत्तर आलें. त्यांत दिवाळीनंतरची एक तारीख होती, आणि इव्हेंच्युअली हा शब्द नव्हता.